आधी हाताला काम, मग तोंडाला शब्द

पुण्याच्या उपनगरांत बांधकामावर येणाऱ्या मजुरांमध्ये यादगीर, कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी कुटुंबं असतात. त्यांची आठ वर्षांची मुलगी जवळच्या मराठी शाळेत आली, की शिक्षण हक्क कायद्यानुसार तिला वयाप्रमाणे तिसरीत बसवतात. बाकावर जागा मिळते, पण वर्गात जे चाललेलं असतं त्यात ती नसते. अशा एका मुलीचं उदाहरण धरून चालू.

सुरुवातीचे बरेच आठवडे ती बोलत नाही. फळ्यावरचं मात्र सुबक उतरवते, आणि ‘समजलं का?’ म्हटलं की मान हलवते. फसगत होते ती इथेच. उतरवलेलं तिला वाचता येतंच असं नाही, आणि मान तर ती सुटका व्हावी म्हणून हलवते. नव्या भाषेत पडलेली मुलं काही काळ गप्प राहून ऐकत असतात. अशा वेळी तिला उभं करून बोलायला लावलं आणि पोरं हसली, तर ते गप्प राहणं आणखी लांबतं. त्यापेक्षा ‘लाल खडू दे’, ‘वही खिडकीत ठेव’ असं सांगावं आणि ती काय करते ते बघावं. बरोबर केलं तर समजलं.

वर्गात भाजीबाजाराचा खेळ ठेवला, तर अशा मुलीला आत घेण्याची वाट सापडते. गट चार-पाच जणांचा असावा, मोठ्या घोळक्यात ती कडेला जाते. पहिल्या दिवशी तिच्याकडे तराजू द्यावा. गिऱ्हाईक ‘अर्धा किलो बटाटे’ म्हणतं, ती वजन टाकते, पारडं बघते. बोलावं लागत नाही, पण तिच्यावाचून बाजार अडतो. हे अडणं फार मोलाचं. टाळ्या वाजवायला किंवा फळा पुसायला दिलं तर ती नुसती हजर राहते.

खेळात तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात: ‘केवढ्याला दिले?’, ‘पाव किलो द्या’, ‘सुटे आहेत का?’ ही तीन-चार वाक्यं तिच्या कानात बसली, की तिला दुकानदार करावं. ती आधी नुसतं ‘दहा रुपये’ म्हणेल, तेवढं पुरे. ‘दहा रुपयांना दिले’ असं बाईंनी आपल्या बोलण्यात सहज म्हणावं, तिच्याकडून घोकून घेऊ नये.

याच बाजारात एक अडचण वर येते. तिला वजाबाकी येते, पण ‘सदतीस रुपये झाले’ ऐकून ती गोंधळते. कन्नडमध्ये आधी दशक येतं: वीसला इप्पत्तु, पाचला ऐदु, म्हणून पंचवीस म्हणजे इप्पत्तैदु. मराठीत एकक आधी, शिवाय जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. ही तिची गणितातली कच नव्हे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आणली, तेव्हा केवढा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ती मांडणी ठामपणे समजावली होती. अशा मुलीला ‘तीस सात’ म्हणू द्यावं, किंमत पाटीवर आकड्यांत लिहावी आणि ‘सदतीस’ शेजारी ऐकू यावं. मला तरी यात मराठीचं काही बिघडताना दिसत नाही.

जोडीदार निवडताना जपावं. वर्गातली हुशार, बोलकी मुलगी बहुधा तिच्यासाठी उत्तरं देऊ लागते आणि नवी मुलगी तिच्याआड बसते. जरा शांत, आपलं काम दाखवत करणारी जोडीदारीण बरी. कन्नड येणारं दुसरं मूल वर्गात असेल, तर त्यांना एकमेकांशी कन्नडमध्ये बोलू द्यावं. ‘घरीही मराठीच बोला’ असं पालकांना सांगू नये. आई ज्या भाषेत गोष्ट सांगते, त्याच भाषेत मुलीचा विचार वाढत असतो.

काही महिन्यांनंतरही ती मागे दिसली, तर अडचण भाषेची की शिकण्याची, हे आईशी बोलून कळतं. घरी कन्नडमध्ये गोष्ट सांगते का? एकामागोमाग सांगितलेली दोन कामं लक्षात ठेवते का? दुकानातून सुटे मोजून आणते का? हे सगळं जमत असेल, तर तिला ‘मंद’ ठरवण्याचं कारण नाही. कन्नडमध्येही अडत असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवायला हवं.

वर्षाअखेरीस ती मैदानावर भराभर मराठी बोलू लागेल, आणि आता मदत नको असं वाटेल. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी याच टप्प्यावर सावध केलं आहे. रोजच्या गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच वर्षं किंवा जास्तही लागतात. म्हणून ‘बाष्पीभवन’ शिकवताना तिच्यासमोर ओलं फडकं उन्हात ठेवणं चौथीत आणि पाचवीतही चालू ठेवावं लागतं. मधेच काम संपून कुटुंब दुसऱ्या गावी निघालं, तर शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यावं, आणि सोबत एक साधी चिठ्ठी: हिला काय येतं, कोणत्या भाषेत येतं, आणि गटात कोणतं काम ती आपणहून उचलते.