रीच घटला, विक्री टिकली: एका मासिक ई-मेलचा हिशेब

जाहिरात एजन्सी दर महिन्याच्या अखेरीस क्लायंटला जो ई-मेल पाठवते, त्यात गेल्या महिन्याचा खर्च, परिणाम आणि पुढचा बेत असतो. आकडे एकाच दिशेने चालले की तो लिहायला सोपा जातो. रीच घसरला पण विक्री जागेवर राहिली, अशा महिन्याचा ई-मेल मात्र अवघड असतो. क्लायंटला दोन शंका येतात. रीच एवढा घटूनही विक्रीला धक्का लागला नसेल, तर आजवर त्यावर पैसे का घातले? आणि धक्का अजून लागायचा असेल, तर तो कधी लागणार? चांगला ई-मेल या दोन्ही शंकांना उत्तर देतो.

रीच म्हणजे ठरावीक काळात जाहिरात किमान एकदा ज्यांच्यासमोर आली, अशा वेगवेगळ्या लोकांची संख्या. जाहिरात एकूण किती वेळा दिसली, तो आकडा इम्प्रेशनचा. इम्प्रेशनला रीचने भागले की फ्रिक्वेन्सी मिळते, म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते कळते. हजार इम्प्रेशनसाठी पडणाऱ्या दराला सीपीएम म्हणतात. रीचची बेरीज करता येत नाही. पहिल्या आठवड्यात जाहिरात पाहिलेला माणूस दुसऱ्या आठवड्यातही ती पाहतो, म्हणून चार आठवड्यांचे रीच मिळवून येणारा आकडा महिन्याच्या खऱ्या रीचपेक्षा फुगलेला असतो. एका महिन्याच्या ई-मेलमध्ये अशी बेरीज आणि पुढच्या महिन्याच्या ई-मेलमध्ये थेट महिन्याचा आकडा दिला गेला, तर न झालेली घट दिसू लागते. त्यामुळे दोन्ही आकडे एकाच रीतीने काढले आहेत ना, हे आधी तपासावे लागते.

घट खरी असेल तर तिचे कारण शोधायचे. त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. लाकडी घाण्याचे तेल स्वतःच्या वेबसाइटवरून विकणारा पुण्यातला एक लहान उद्योग फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर दर महिन्याला 2 लाख रुपयांच्या जाहिराती करतो. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचा रीच 8 लाख होता, ऑक्टोबरमध्ये तो 5 लाखांवर आला. ऑर्डरी 640 वरून 632 झाल्या, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. फ्रिक्वेन्सी दोन्ही महिन्यांत 3 होती. याचा अर्थ तीच तीच माणसे जाहिरात अधिक वेळा पाहत नव्हती, इम्प्रेशनच 24 लाखांवरून 15 लाखांवर आले होते.

बजेट तेवढेच असताना इम्प्रेशन घटले, तर सरासरी दर वाढलेला असणारच. येथे तो हजार इम्प्रेशनला 83 रुपयांवरून 133 रुपये झाला. एवढ्यावरच थांबून ‘दिवाळीमुळे दर साठ टक्क्यांनी वाढले’ असे लिहिणे सोपे असते, पण ते चुकीचे ठरते.

या उद्योगाच्या जाहिराती दोन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार ओळख वाढवणाऱ्या जाहिरातींचा. त्यांत यंत्रणेला सांगितलेले असते की कमी पैशांत जास्तीत जास्त लोकांना जाहिरात दाखव. दुसरा प्रकार विक्रीच्या जाहिरातींचा. त्यांत यंत्रणा खरेदीची शक्यता अधिक असलेली माणसे हुडकते. अशी माणसे इतर जाहिरातदारांनाही हवी असतात. जागा लिलावाने दिली जात असल्यामुळे त्यांच्यासाठी दर चढा पडतो.

सप्टेंबरमध्ये ओळखीच्या जाहिरातींवर 80 हजार रुपये खर्च झाले आणि 50 रुपये दराने 16 लाख इम्प्रेशन मिळाले. विक्रीच्या जाहिरातींवर 1 लाख 20 हजार खर्च झाले आणि 150 रुपये दराने 8 लाख मिळाले. ऑक्टोबरमध्ये दिवाळीचा हंगाम साधण्यासाठी 50 हजार रुपये पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात वळवले. ओळखीच्या जाहिरातींसाठी उरलेल्या 30 हजारांत 60 रुपये दराने 5 लाख, आणि विक्रीच्या 1 लाख 70 हजारांत 170 रुपये दराने 10 लाख इम्प्रेशन आले.

म्हणजे ओळखीच्या जाहिरातींचा दर वीस टक्क्यांनी वाढला आणि विक्रीच्या जाहिरातींचा सुमारे तेरा टक्क्यांनी. सरासरी मात्र साठ टक्क्यांनी वाढलेली दिसली, कारण पैसा स्वस्त प्रकारातून महाग प्रकाराकडे गेला. दर सप्टेंबरचेच राहिले असते आणि फक्त पैशांची वाटणी बदलली असती, तरी इम्प्रेशन सुमारे 17 लाख 33 हजारांवर आले असते. या रीतीने 9 लाखांच्या घटीपैकी सुमारे 6 लाख 67 हजार वाटणीच्या निर्णयामुळे आणि 2 लाख 33 हजार दरवाढीमुळे झाले, असे दिसते. हिशेब उलट क्रमाने, म्हणजे आधी दरवाढ आणि मग वाटणी असा केला, तर निर्णयाचा वाटा साठ टक्के भरतो. नेमका भाग सांगता येत नसला तरी निष्कर्ष पक्का राहतो. घटीचा मोठा भाग बाजाराने लादलेला नव्हता, एजन्सी आणि क्लायंटने मिळून घेतलेल्या निर्णयाचा होता. ई-मेलमध्ये हे पहिल्या दोन ओळींत आले पाहिजे. दरवाढीवर किंवा ‘अल्गोरिदम बदलला’ या वाक्यावर सगळा भार टाकला, तर क्लायंट पुढच्या महिन्यात दर उतरण्याची वाट पाहत बसतो. दर उतरले तरी रीच पूर्ण भरून येत नाही, आणि मग विश्वासाला तडा जातो.

यानंतर विक्रीचा प्रश्न येतो. विक्री टिकली, हे कोणत्या वहीवरून ठरवायचे? जाहिरात यंत्रणा स्वतःच्या खात्यावर ऑर्डरी मांडते. मेटाच्या सर्वसाधारण मांडणीत जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती पाहिल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर तिचे श्रेय जाहिरातीला मिळते. दर महिन्याला तेल मागवणाऱ्या जुन्या ग्राहकाने ऑर्डर देण्याच्या आदल्या संध्याकाळी जाहिरात पाहिली असेल, तर ती ऑर्डरही जाहिरातीच्या नावावर जमा होते. म्हणून ई-मेलमधला विक्रीचा आकडा क्लायंटच्या ऑर्डर-नोंदीतून घ्यावा लागतो. यंत्रणेचा आकडा हवा तर त्याच्या शेजारी, वेगळ्या नावाने द्यावा.

ऑर्डर-नोंदीतले मोबाइल क्रमांक आधीच्या नोंदींशी जुळवले की ग्राहक नवा की जुना, ते कळते. या उदाहरणात सप्टेंबरच्या 640 ऑर्डरींपैकी 288 नव्या ग्राहकांच्या आणि 352 जुन्यांच्या होत्या. ऑक्टोबरच्या 632 पैकी नव्यांच्या 200 आणि जुन्यांच्या 432. नव्यांत 88 ची घट झाली आणि जुन्यांत 80 ची वाढ, म्हणून बेरीज जागेवर राहिली. विक्रीच्या जाहिरातींनी मुख्यतः उद्योगाला आधीच ओळखणाऱ्यांना गाठले, आणि फराळाच्या तयारीने त्यांना एरवीपेक्षा लवकर खरेदीला आणले. अनोळखी लोकांपर्यंत पोहोचण्याचे काम ज्या जाहिराती करत होत्या, त्यांनाच कात्री लागली होती. रीच आणि विक्री यांचा संबंध तुटलेला नव्हता. रीचचा परिणाम एकूण विक्रीवर उशिरा दिसतो आणि नव्या ग्राहकांच्या आकड्यात आधी दिसतो, एवढेच.

‘टिकली’ हा शब्दही सणाच्या महिन्यात तपासून वापरावा लागतो. दिवाळीच्या तोंडावर तेलाची मागणी वाढते. अशा वेळी सप्टेंबरएवढ्याच ऑर्डरी येणे म्हणजे हंगामाचा पूर्ण लाभ न मिळणे असू शकते. मागच्या वर्षाच्या ऑक्टोबरशी तुलना करायची, तर दिवाळी सरकते. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होते. 2024 चा संपूर्ण ऑक्टोबर दिवाळीपूर्व खरेदीचा होता. 2025 मध्ये मात्र महिन्याचे शेवटचे दहा दिवस लक्ष्मीपूजनानंतरचे होते. त्यामुळे तारखेला तारीख न जोडता दोन्ही वर्षांतले लक्ष्मीपूजनाआधीचे तीस किंवा चाळीस दिवस समोरासमोर ठेवावे लागतात.

हे सगळे ई-मेलमध्ये पानभर मांडण्याची गरज नसते. उद्योग चालवणारी व्यक्ती तो बहुधा फोनवर, कामाच्या गडबडीत वाचते. विषयाच्या ओळीतच दोन्ही आकडे दिले आणि मजकूर पुढीलप्रमाणे ठेवला तर पुरते:

‘नमस्कार मॅडम, ऑक्टोबरमध्ये आपल्या जाहिराती 5 लाख लोकांपर्यंत पोहोचल्या. सप्टेंबरमध्ये हा आकडा 8 लाख होता. ही घट मुख्यतः आपण दिवाळीसाठी 50 हजार रुपये विक्रीच्या जाहिरातींकडे वळवल्यामुळे झाली. उरलेली सणातल्या दरवाढीमुळे. तुमच्या नोंदीनुसार ऑर्डरी 632 आहेत (सप्टेंबर 640). मात्र नव्या ग्राहकांच्या ऑर्डरी 288 वरून 200 वर आल्या आहेत. जुन्या ग्राहकांनी सणासाठी लवकर खरेदी केल्यामुळे नोव्हेंबरमध्ये एकूण ऑर्डरी कमी होऊ शकतात. वळवलेले 50 हजार नोव्हेंबरपासून पुन्हा ओळखीच्या जाहिरातींवर लावावेत, असे सुचवतो. तुमचा होकार आला की बदल करू. नव्या ग्राहकांचा आकडा 15 नोव्हेंबरला आणि महिनाअखेरीस कळवू.’

या मजकुरात वाईट आकडा आधी आहे आणि निर्णयाची जबाबदारी एजन्सीने स्वतःकडेही ठेवली आहे. पुढच्या महिन्यात काय घडू शकते ते आधीच सांगितले आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या घटीला नवी सबब शोधावी लागणार नाही. सविस्तर तक्ता सोबत जोडता येतो.

रीचची प्रत्येक घट काळजीची नसते. ज्या गावांत माल पोहोचवता येत नाही, तिथल्या लोकांना जाहिरात दाखवणे थांबवले, तर रीच घटतो आणि नव्या ग्राहकांचा आकडा तेवढाच राहतो. अशी घट म्हणजे निव्वळ बचत. उलट रीच घटला, फ्रिक्वेन्सी महिन्यागणिक चढत गेली आणि नव्या ऑर्डरी उतरू लागल्या, तर त्याच लोकांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवली जात आहे असे समजावे. वरच्या उदाहरणात 50 हजार परत लावल्यावर रीच वाढला पण महिना-दोन महिन्यांत नव्या ऑर्डरी वाढल्या नाहीत, तर घटीचे कारण जाहिरातीच्या मजकुरात, मालाच्या किमतीत किंवा वेबसाइटवर शोधावे लागेल. पुढच्या ई-मेलने तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायचे असते.