मनगटावरच्या घड्याळावर संगणकाचा भरवसा किती?

लॅपटॉपचे झाकण उघडावे, परवलीचा शब्द टाइप करण्यापूर्वीच पडदा खुला व्हावा आणि मनगटावर घड्याळाची हलकी थाप जाणवावी, ही सोय ‘अ‍ॅपल’च्या मॅक संगणकांवर २०१६ पासून उपलब्ध आहे. मात्र हीच सोय एखाद्या दिवशी अचानक रुसून बसते आणि वापरकर्ता गोंधळतो. घड्याळ तेच, संगणकही तोच. मग बिनसले कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी संगणक घड्याळावर विश्वास कसा ठेवतो, हे पाहावे लागते.

या विश्वासाचा उगम मनगटावर होतो. सकाळी घड्याळ बांधल्यावर वापरकर्ता त्यात सांकेतिक क्रमांक टाकतो. त्यानंतर घड्याळ त्वचेला टेकलेले आहे, हे त्याच्या पाठीमागील संवेदक जाणत राहतात. तोवर ते खुले असते. ते मनगटावरून उतरवले की कुलूपबंद होते. म्हणजे सकाळी एकदा दिलेली ओळख दिवसभर चालते, पण केवळ त्या मनगटापुरती.

ही सुविधा प्रथम सुरू करताना मॅक एक यादृच्छिक गुप्त संकेत तयार करून घड्याळाकडे सोपवतो. हा संकेत म्हणजे वापरकर्त्याचा परवलीचा शब्द नव्हे आणि घड्याळ खुले असेल तरच तो वाचता येतो. पुढे झाकण उघडल्यावर मॅक ब्ल्यूटूथवरून घड्याळाला हाक देतो, दोघे एकमेकांची ओळख पटवतात आणि अंतर तपासून झाल्यावरच घड्याळ तो संकेत परत करते. संकेत एकदाच चालतो. कुलूप उघडताच मॅक नवा संकेत घडवून घड्याळाकडे पाठवतो.

यातील अंतर मोजण्याची युक्ती सर्वात रंजक आहे. समजा, एक लेखापाल लॅपटॉप टेबलावर ठेवून उपाहारगृहात गेला. एक भामटा त्याच्या शेजारी, तर साथीदार लॅपटॉपजवळ उभा राहिला आणि दोघांनी आपल्या यंत्रांद्वारे लॅपटॉप व घड्याळाचे संदेश एकमेकांपर्यंत पोहोचवले, तर? संदेशाचा जोर पाहून अंतर ठरवले जात असते, तर लॅपटॉप सहज फसला असता, कारण जोर कृत्रिमरीत्या वाढवता येतो. म्हणूनच येथे वाय-फाय लहरींना जाऊन परत येण्यास लागणारा वेळ मोजला जातो. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जाते. भामट्यांच्या यंत्रांमुळे हा वेळ वाढतोच. तो कमी करणे कोणालाही शक्य नाही. परिणामी लॅपटॉप कुलूपबंदच राहतो.

आता हाच लेखापाल जागेवर परतला आणि तरीही लॅपटॉप उघडला नाही, असे समजू. पहिली नजर घड्याळावर टाकावी. पट्टा सैल झाल्याने संवेदकांचा त्वचेशी संपर्क तुटला असेल, तर घड्याळ सांकेतिक क्रमांक मागते. मनगटावर गडद गोंदण असल्यासही असे होऊ शकते. घड्याळ खुले असेल, तर मॅकचे वाय-फाय व ब्ल्यूटूथ दोन्ही सुरू आहेत का, हे पाहावे. अनेकजण केबलद्वारे इंटरनेट वापरतात व वाय-फाय बंद ठेवतात. अशा वेळी अंतर मोजताच येत नाही. मॅकवरून इतरांना इंटरनेट पुरवले जात असेल किंवा त्याचा पडदा दुसऱ्या संगणकावर दाखवला जात असेल, तरीही ही सोय चालत नाही.

मॅक पुन्हा सुरू केल्यावर मात्र पहिल्यांदा परवलीचा शब्द द्यावाच लागतो. तो बिघाड समजू नये.

हे सारे ठीक असूनही घड्याळाशी संपर्क होत नसल्याचा संदेश येत असेल, तर पूर्वी ठरलेल्या चाव्या जुळत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी सिस्टिम सेटिंग्जमधील ‘Touch ID & Password’ येथे घड्याळापुढील खूण काढून पुन्हा करावी. त्यामुळे दोन्ही उपकरणांची ओळख नव्याने घडते. सप्टेंबर २०२१ मध्ये बाजारात आलेल्या आयफोन १३ वर काहींना घड्याळाने फोन उघडताना अशाच संदेशाने सतावले होते. तेव्हा मात्र दोष प्रणालीतच होता आणि पुढील महिन्यात आयओएस १५.०.१ द्वारे तो दूर करण्यात आला.

आयफोनसाठी ही सोय एप्रिल २०२१ मध्ये, मास्कच्या दिवसांत आली. फोन खिशातून कोणीही काढू शकतो, म्हणून तिच्या अटी कडक आहेत. नाक-तोंड झाकलेला चेहरा समोर हवा, घड्याळ दोन-तीन मीटरच्या आत हवे आणि गेल्या साडेसहा तासांत फोन एकदा तरी उघडलेला हवा. घड्याळ झोपेच्या स्थितीत असेल, तर फोन दाद देत नाही. फोन उघडताच घड्याळावर तो बंद करण्याचे बटण दिसते. फोन भलत्याच हाती पडला असल्यास ते दाबावे. त्यानंतर फोन केवळ सांकेतिक क्रमांकानेच उघडतो.