पॅनोरमातला अर्धा माणूस

पुण्यात शनिवारवाड्यासमोर जवळ उभं राहिलं, तर दिल्ली दरवाजा, त्याचे बुरूज आणि दोन्ही बाजूंचा तट एका फोटोत मावत नाही. मग कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर जोडायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा आला पाहिजे. Hugin हे मोफत सॉफ्टवेअर अशी जोडणी उत्तम करतं. पंचाईत होते ती दरवाजासमोरून कोणी चालत गेलं की. तिसऱ्या फोटोत तो माणूस एका जागी असतो आणि चौथ्या फोटोपर्यंत चार पावलं पुढे गेलेला असतो. सांधा नेमका त्याच्या अंगावरून गेला, तर पॅनोरमात त्याचा एक खांदा आणि एक पाय तेवढा उरतो.

हे बघितल्यावर बहुतेक जण तयार पॅनोरमा उघडून तो अर्धा माणूस पुसायला बसतात. पण तोवर उशीर झालेला असतो. सांधा दिसू नये म्हणून सॉफ्टवेअर दोन्ही फोटोंचे रंग आणि उजेड त्याच्या आजूबाजूला बऱ्याच रुंदीपर्यंत मिसळतं. त्यामुळे माणूस पुसला तरी त्याच्या शर्टाची फिकट झाक मागच्या दगडांवर राहते. दुसरी चूक याहून वाईट आहे. काही जण मूळ दोन्ही फोटोंतून माणूस वेगवेगळा पुसतात आणि ती जागा अंदाजाने भरतात. दोन फोटोंत दगडांच्या फटी वेगवेगळ्या जागी भरल्या जातात आणि सांध्यावर त्या एकमेकींना मिळत नाहीत.

खरं तर त्या माणसामागचा तट आपल्याकडे आहेच. तिसऱ्या फोटोत तो जिथे उभा आहे ती जागा चौथ्या फोटोत मोकळी आहे, आणि चौथ्यातली जागा तिसऱ्यात. म्हणून काम करायचं ते जोडणी ठरल्यानंतर आणि फोटो मिसळण्याआधी. Hugin मध्ये Masks नावाचा टॅब असतो. तिथे तिसरा फोटो निवडायचा, माणसाभोवती बिंदू टाकत बहुकोन काढायचा आणि प्रकार Exclude region ठेवायचा. चौथ्या फोटोतही तसंच करायचं. बहुकोनात त्याची सावली घ्यायला विसरू नये. नाहीतर माणूस जातो आणि फरशीवर बिनमाणसाची सावली उरते.

यात जुळणी का बिघडत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. कोणता फोटो किती अंशांत वळलेला, किती कललेला आणि भिंगाची वक्रता किती, या आकड्यांवर जुळणी उभी असते. मास्क त्यातल्या एकाही आकड्याला हात लावत नाही. फोटोचा हा भाग वापरू नकोस, एवढंच तो सांगतो. उलट मूळ फोटो बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन कडेने कापला किंवा लहान केला, तर त्याचा मध्य आणि माप बदलतं आणि सगळे आकडे खोटे ठरतात.

मास्क करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासायला हवी. दोन फोटो जुळवण्यासाठी दोन्हींतल्या सारख्या जागांवर खुणा केलेल्या असतात, त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. त्यातली एखादी खूण चालत्या माणसाच्या पिशवीवर पडली असेल, तर ती तटालाही आपल्याबरोबर ओढते. अशा खुणा काढून टाकायच्या, जुळणी पुन्हा करून घ्यायची आणि सरासरी चूक एक-दोन पिक्सेलांच्या आत आली की मगच मास्क काढायचे.

या पद्धतीला मर्यादा आहे. प्रत्येक जागा निदान एका फोटोत मास्कबाहेर राहिली पाहिजे. माणूस रेंगाळला आणि दोन्ही मास्क एकमेकांवर आले, तर तेवढ्या जागेला कुठलाच फोटो उरत नाही आणि पॅनोरमात भोक पडतं. जागचा न हलणारा फलक किंवा कचऱ्याचा डबाही असा निघत नाही, कारण त्यामागचं कुठल्याच फोटोत आलेलं नसतं. तो तयार पॅनोरमातच, शेजारचा तट किंवा फरशी उचलून झाकावा लागतो. रुंद पॅनोरमात आडव्या सरळ रेषा वाकतात, म्हणून दगडांचा थर अगदी जवळूनच उचलावा. लांबून आणलेल्या थराचा कल वेगळा असतो आणि ठिगळ लगेच दिसतं.

काम झाल्यावर चित्र पूर्ण आकारात उघडून सांध्यालगतचा दगडांचा एकेक थर डोळ्यांनी शेवटपर्यंत जोखावा. थर तुटला असेल, तर दोष मास्कचा नसून जुळणीचा असतो. बहुधा फोटो घेताना कॅमेरा जागेवर फिरण्याऐवजी बाजूला सरकलेला असतो आणि जवळच्या-लांबच्या वस्तूंची जागा बदललेली असते. तो दोष मास्कने दुरुस्त होत नाही.

त्यामुळे वर्दळीच्या जागी पॅनोरमा घेणार असाल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि प्रत्येक दिशेला काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन फोटो घ्या. माणसं पुढे सरकतात, तट जागेवरच राहतो, आणि घरी आल्यावर मोकळी जागा कुठल्या ना कुठल्या फोटोत सापडते.