सोंगाड्याची नजर
(हसण्यामागची कारागिरी : भाग ७)

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला दरवर्षी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठी ओळखली जाते. कॅमेऱ्याकडे टाकलेल्या कटाक्षाबद्दल लिहायचं तर मला तरी ‘द ऑफिस’ऐवजी तिथूनच सुरुवात करावीशी वाटते.

गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. समजा, राजा दरबारात छाती फुगवून सांगतोय, ‘आमच्या राज्यात कुणीही उपाशी नाही.’ बाजूला उभा सोंगाड्या आधी राजाकडं बघतो. मग मान तशीच ठेवून फक्त डोळे प्रेक्षकांकडं वळवतो. एखादा हात आपसूक पोटावर जातो. हशा उसळतो, आणि तो ओसरायला लागला की सोंगाड्या पुन्हा राजाकडं वळून म्हणतो, ‘खरंय महाराज.’

इथं विनोद राजाच्या वाक्यात नाही, सोंगाड्याच्या उत्तरातही नाही. तो त्या नजरेत आहे. ‘ऐकलंत ना?’ एवढंच ती विचारते आणि समोर बसलेल्यांना साक्षीदार करून टाकते. यात एक अट मात्र पाळावीच लागते : राजाला हे कळता कामा नये. सोंगाड्या आणि प्रेक्षक यांच्यात एक गोष्ट ठरली आणि राजा तिच्याबाहेर राहिला, म्हणून हसू येतं.

नाटकवाले ज्या चौथ्या भिंतीबद्दल बोलतात, ती तमाशात कधी बांधलीच गेली नाही. त्यामुळं तिथं ती मोडायचाही प्रश्न नाही. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हवालदार झालेले दादा कोंडके प्रेक्षकांशी थेट खेळत, ते याच सवलतीच्या जोरावर. सिनेमात गोष्ट अवघड होते. तिथं नट सहसा भिंगाच्या किंचित बाजूला बघतो, म्हणजे तो समोरच्या पात्राशी बोलतोय असं आपण मानतो. नजर नेमकी भिंगावर आली की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडं बघतोय असं वाटतं.

पण भिंग हसत नाही. सोंगाड्या हशाच्या लांबीनुसार नजर धरून ठेवतो. पडद्यावर ती लांबी आधीच कापून ठेवलेली असते. लॉरेल-हार्डीच्या जोडीतला ऑलिव्हर हार्डी अंगावर चिखल उडाला की त्रासलेल्या चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडं बघत राहायचा. त्यांचे सिनेमे आधी प्रेक्षकांना दाखवून, लोक कुठं किती हसतात ते बघून संकलनात फेरफार होत. म्हणूनच आज घरी एकट्यानं बघताना त्या जागा लांबल्यासारख्या वाटतात. ती मोकळी जागा भरलेल्या थिएटरातल्या हशासाठी ठेवलेली होती.

‘द ऑफिस’ची अमेरिकी आवृत्ती २००५ साली आली. तिनं एक चलाखी केली. कथेतच माहितीपट करणारी मंडळी कचेरीत हजर आहेत असं दाखवलं. म्हणजे कॅमेरा आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. साहेब मायकेल स्कॉट त्याच्याकडं बघतो ते स्वतःची छाप पडावी म्हणून. त्याच्या हाताखालचा जिम बघतो तो मायकेलच्या बरळण्याला साक्षीदार शोधत. एकाच भिंगाकडं दोघं बघतात, पण एक राजा आहे आणि दुसरा सोंगाड्या. काटेकोरपणे बोलायचं तर इथं भिंत मोडतच नाही, कारण जिम त्या माहितीपटवाल्यांकडं बघतोय. आपण फक्त त्यांच्या जागी बसलेलो असतो.

‘फ्लीबॅग’ मालिकेत मात्र असे कुणी कॅमेरेवाले नाहीत. नायिका भर संभाषणात आपल्याकडं वळते, टोमणा मारते, परत जाते. समोरच्याला पत्ता नसतो. २०१९च्या दुसऱ्या पर्वात एका पाद्र्याच्या ते लक्षात येतं. आत्ता तू कुठं गेली होतीस, असं तो तिला विचारतो. मघाची अट इथं जाणूनबुजून मोडली आहे. विनोदासाठी वापरलेली नजर अचानक तिची पळवाट ठरते, आणि आपणही तिच्यासोबत पकडले जातो. माझ्या मते या युक्तीचा इतका धारदार वापर क्वचितच झाला असेल.

आता लातूर-नांदेडकडची पोरं आपल्या बोलीत मोबाइलवर विनोदी रील करतात. ‘काय करायलास बे?’ म्हणत बाप ओरडतो आणि पोरगं आपल्याकडं बघतं. पुष्कळदा ही नजर फसते, आणि कारण साधं असतं. समोरच्या कॅमेऱ्यानं चित्रण करताना पोरगं भिंगाऐवजी पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडं बघतं. भिंग वर असतं, चेहरा खाली. मग बघणाऱ्याला वाटतं, हा आपल्या हनुवटीकडं बघतोय. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वाक्यानंतर कॅमेऱ्याकडं बघणं. सोंगाड्या राजाच्या दहा वाक्यांतलं एक निवडतो, आणि ते निवडताना उरलेली नऊ मन लावून ऐकतो. तो ऐकतोय हे दिसलं नाही, तर त्याच्या नजरेला साक्ष द्यायला काही उरत नाही.

पुढच्या आठवड्यात : ध्वनिमुद्रित हशा.