शिष्यवृत्ती निधी आणि हिशेबाची भाषा

माजी विद्यार्थ्यांना निधीसाठी लिहिलेली बहुतेक पत्रे ‘गोरगरीब विद्यार्थ्यांना सढळ हाताने मदत करा’ या वाक्याशी संपतात. हे वाक्य मागणाऱ्याला कशालाच बांधत नाही. शिवाय ते विद्यार्थ्याला याचक ठरवते. 1913 साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दिलेली शिष्यवृत्ती अशी मोघम नव्हती. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार. दोन्ही बाजूंना बांधणारा तो व्यवहार होता. आपले पत्रही तसेच हवे.

म्हणून पत्रात आधी नेमकी अडचण सांगावी. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके सरकार मोफत देते. नववीत ती विकत घ्यावी लागतात. ढोकीच्या आसपास शेतमजुराच्या वा अल्पभूधारकाच्या घरी जूनमध्ये पैसा नसतो. जो असतो तो बी-खतात जातो आणि सोयाबीन घरात येते ते दसऱ्याच्या सुमारास. सरकारी शिष्यवृत्ती खात्यावर जमा होते तोवर निम्मे वर्ष सरलेले असते. निधी हवा आहे तो या चार महिन्यांसाठी.

समजा, अशी बारा मुले आहेत. पुस्तके, वह्या, दप्तर आणि गणवेश मिळून प्रत्येकी 2,500 रुपये धरले तर 30,000 होतात. छपाई-टपालाचे 1,000 धरून मागणी 31,000 ची. पत्रात लिहावे: “ही रक्कम इमारत, समारंभ वा सत्कार यांसाठी वापरली जाणार नाही. निवड दोन शिक्षक, एक पालक आणि एक माजी विद्यार्थी यांची समिती करील. उरलेली रक्कम पुढील जूनसाठी राखली जाईल.” मुलांची नावे आणि छायाचित्रे मात्र छापू नयेत, मदतीच्या बदल्यात दारिद्र्याचे प्रदर्शन मागणे हा अपमानच आहे.

पैसा नोंदणीकृत संस्थेमार्फत, पण स्वतंत्र बँक खात्यात आणि दोन सह्यांनी चालावा. प्रत्येक देणगीला क्रमांकित पावती द्यावी. आयकर सवलतीचे आश्वासन संस्थेला तशी मान्यता असेल तरच द्यावे. 2,000 रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, हेही सांगावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, परकीय देणग्यांच्या कायद्याखालील परवानगीशिवाय, पैसे घेऊ नयेत.

वर्षअखेर हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवावा, दहा रुपये देणाऱ्यालाही. जमा 34,500, अकरा मुलांना 27,500, टपाल 800, शिल्लक 6,200. बारावे मूल का नाही, तेही त्यात लिहावे. पासबुकात त्या दिवशी 6,200 दिसत नसतील, तर फरक कशामुळे आहे याची समितीने तेथेच विचारणा करावी. असा हिशेब हातात असेल, तरच दुसऱ्या वर्षी पत्र लिहिण्याचा अधिकार आपल्याला राहतो.