साठीची सोय, बत्तिशीत

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोणी घरात जाहीर केलं, की म्हातारपणासाठी आता एक रुपयाही बाजूला टाकणार नाही, तर आईवडील आधी तब्येतीची चौकशी करतील. पण हे बोलणारीने आकडेमोड नीट केली असेल, तर तिचं म्हणणं वेडेपणाचं नाही. पैशांच्या जगात याला ‘कोस्ट फाय’ म्हणतात. कमावत्या आयुष्याची पहिली दहा वर्षं घट्ट हाताने बचत करायची, जमलेल्या रकमेला हात न लावता ती साठीपर्यंत वाढू द्यायची आणि मधल्या काळात फक्त घर चालेल एवढं कमवायचं. तेव्हा नोकरी लगेच सुटत नाही. सुटतो तो मोठ्या पगाराचा धाक.

समजा, पुण्यात राहणाऱ्या एका बाईचा घरखर्च आज महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला सहा लाख आहे. साठीनंतरही याच राहणीमानाने जगायचं, तर वर्षाच्या खर्चाच्या किती पट रक्कम हाताशी हवी? अमेरिकेत याचं ठरलेलं उत्तर आहे २५ पट. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या १९२६ पासूनच्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवरून दाखवलं, की पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढले आणि पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तरी पैसे निदान तीस वर्षं पुरले असते. हा अनुभव अमेरिकेचा, तिथल्या महागाईचा. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलण्यापेक्षा ३० पट धरणं शहाणपणाचं. म्हणजे आजच्या रुपयांत एक कोटी ८० लाख.

आता उलटं मोजायचं. गुंतवणूक दहा टक्क्यांनी वाढली आणि महागाई सहा टक्के राहिली, तर पैशाची खरी वाढ चार टक्क्यांच्या आसपास पडते. चार टक्क्यांनी २८ वर्षांत रक्कम तिप्पट होते. एक कोटी ८० लाखांना तीनने भागा: ६० लाख. बत्तिसाव्या वर्षी एवढे जमले असतील, तर साठीची सोय झाली.

हे ६० लाख येतात कुठून? बाविसाव्या वर्षी नोकरी लागली, मैत्रिणींबरोबर फ्लॅट वाटून घेतला, गाडीचा हप्ता अंगावर घेतला नाही आणि महिन्याला ३० हजार गुंतवले, तर दहा टक्के परताव्याने दहा वर्षांत ६१ लाखांच्या आसपास जमतात. त्यातले खिशातून गेलेले ३६ लाख. हीच बाई बत्तिसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात करेल, तर तिलाही महिन्याला साधारण ३० हजारच टाकावे लागतील; पण पुढची २८ वर्षं, आणि तेही दर वर्षी महागाईप्रमाणे वाढवत.

कागदावर हे फार देखणं दिसतं. मात्र सगळा डोलारा त्या चार टक्क्यांवर उभा आहे. खरी वाढ पाच टक्के मिळाली, तर बत्तिसाव्या वर्षी ४६ लाख पुरतात; तीनच टक्के मिळाली, तर ७९ लाख लागतात; दोनवर आली, तर एक कोटी तीन लाख. एकेका टक्क्याने वर्षानुवर्षांच्या बचतीचा फरक पडतो. म्हणून ‘शेअर बाजार बारा-पंधरा टक्के देतोच’ या भरवशावर बचत थांबवणाऱ्याने स्वतःला फसवलेलं असतं. महागाई वजा केली का, मुदत ठेव आणि पीपीएफमधल्या पैशाचा कमी परतावा धरला का, विकताना लागणारा कर धरला का, हे तीन प्रश्न विचारले की पंधराचे चार कसे होतात ते कळतं.

दुसरा धोका जरा आडबाजूचा आहे आणि त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. एप्रिल १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, सेन्सेक्स साडेचार हजारांजवळ पोचला होता. एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्याही खाली होता. अकरा वर्षं गेली, भाव वाढत राहिले आणि निर्देशांक मात्र मागे. या काळात दर महिन्याला थोडं थोडं गुंतवत राहिलेल्याला पडलेल्या भावात खरेदी मिळत गेली आणि २००३ नंतरच्या तेजीत त्याचं उट्टं निघालं. पण १९९२ च्या शिखरावर ‘आपलं झालं’ म्हणून थांबलेल्याकडे स्वस्तात घ्यायला नवा पैसाच नव्हता. बचत थांबवणं म्हणजे घसरणीत आधार देणारी ही सवयही सोडणं. त्यामुळे बाजार चढा असताना गाठलेला आकडा आणि मंदीत गाठलेला आकडा कागदावर सारखे दिसले, तरी त्यांची ताकद सारखी नसते. तेजीत निघालेल्या आकड्याच्या वर निदान पाचवा हिस्सा जास्त जमवून मगच थांबावं.

आता घर चालवण्यापुरत्या कमाईकडे वळू. ५० हजार हातात आले की झालं, असं वाटतं. पण मोठ्या कंपनीची नोकरी सोडली की तिथला गट आरोग्य विमाही जातो, आणि त्यात आईवडिलांचं नाव असेल तर त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी घेताना चांगलाच घाम फुटतो. मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज हे सगळं या ६० लाखांच्या बाहेर ठेवावं लागतं. एखाद्या वर्षी काम मिळालं नाही, तर त्या वर्षापुरती वेगळी शिल्लक हवी. नाहीतर हात जातो तो थेट साठीच्या पैशाला. पस्तिसाव्या वर्षी त्यातून पाच लाख काढले, तर साठीला आजच्या रुपयांतले १३ लाख कमी होतात. नोकरी बदलताना पीएफ काढून घेण्याची सवयही याच जातीची. रक्कम लहान दिसते, म्हणून ती गेल्याचं दुःख होत नाही. उलट नवी नोकरी छोटी असली आणि तिथेही पीएफ कापला जात असेल, तर बचत पूर्ण थांबतच नाही, ही जमेची बाजू.

आकडा एकदा काढून कपाटात ठेवायचा नसतो. आपल्या उदाहरणातली बाई बेचाळिशीची झाली, की तिच्याकडे तेव्हाच्या रुपयांत साधारण एक कोटी ५९ लाख असायला हवेत. तेवढे आहेत, असं धरू. पण दरम्यान घरात दोन मुलं आली, मोठं घर घेतलं आणि महागाईने ५० हजारांचे नव्वद व्हायला हवे होते ते एक लाख वीस हजार झाले. साठीला याच सवयी टिकवायच्या, तर तिला बेचाळिसाव्या वर्षी दोन कोटी १३ लाख हवेत. बाजाराने शब्द पाळला, तरी ५४ लाख कमी पडले. आता तिच्यापुढे तीन वाटा आहेत: पुन्हा बचत सुरू करायची, निवृत्ती साठीऐवजी सदुसष्ट-अडुसष्टला न्यायची, किंवा मुलं मोठी झाल्यावर खर्च कितीने उतरेल याचा प्रामाणिक अंदाज बांधून लक्ष्यच खाली आणायचं. तिसरी वाट बऱ्याच घरांना खरोखर लागू पडते, कारण शिकवणी, फी आणि कर्जाचे हप्ते साठीनंतर उरलेले नसतात. फक्त त्यांच्या जागी औषधांसाठी किती रक्कम लिहायची, हे घरातल्या थोरांची बिलं पाहून ठरवावं लागतं.