गुरूचा चंद्र पुढून गेला की मागून?

७ जानेवारी १६१०. इटलीतल्या पदुआ शहरात गॅलिलिओने स्वतः बनवलेली दुर्बीण गुरूकडे वळवली आणि ग्रहाला अगदी लागून, एका सरळ रेषेत त्याला तीन ठिपके दिसले. दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेला. नऊ तारखेला ढग. दहाला दोनच, आणि दोन्ही पूर्वेला. तेराला चार! हे तारे नव्हेत, गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे त्याने ओळखलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये छापूनही टाकलं. पण कोणत्या चंद्राला एका फेरीला किती दिवस लागतात, हे प्रसिद्ध करायला १६१२ साल उजाडलं.

अडचण समजण्यासारखी आहे. चंद्र फिरतात वर्तुळात, पण आपण त्या वर्तुळाकडे जवळजवळ कडेने पाहतो. काळोख्या मैदानात मेरी-गो-राउंडच्या एका घोड्यावर दिवा लावला आणि लांबून, त्याच उंचीवरून पाहिलं, तर दिवा नुसता डावी-उजवीकडे सरकताना दिसेल. टोकाशी रेंगाळेल, मध्यावर झपाट्याने जाईल. पुढून गेला की मागून, हे मात्र कळणार नाही. गॅलिलिओला दिसत होते ते असे चार दिवे, आणि चारही जवळपास सारखेच.

या डावी-उजवीकडच्या हालचालीला भौतिकशास्त्रात सरल हार्मोनिक गती म्हणतात. शाळेत ती स्प्रिंगला टांगलेल्या वजनावरून शिकवतात, कारण तिथे मध्यापासून जितकं दूर जावं तितकी मागे खेचणारी ओढ वाढते. चंद्राला स्प्रिंग नाही, पण हिशेब तोच. गुरूची ओढ कायम सारखीच असते, मात्र आपल्याला दिसणाऱ्या रेषेवर तिचा जो भाग उमटतो, तो मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. चंद्र टोकाला असताना पूर्ण ओढ रेषेवर येते; तो गुरूच्या थेट पुढे किंवा मागे असताना रेषेवर काहीच उरत नाही. एकसमान वर्तुळाकार गतीची सावली म्हणजे सरल हार्मोनिक गती, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. गुरूच्या बाबतीत ही सावली आकाशातच पडलेली असते.

समीकरण असं: x = A cos(ωt + φ). यातला x म्हणजे विस्थापन, म्हणजे t या वेळी ठिपका मध्यापासून किती दूर आणि कोणत्या बाजूला आहे ते. A हा आयाम, मध्यापासूनचं सर्वांत लांबचं अंतर. वर्तुळाच्या भाषेत त्याची त्रिज्या. ω म्हणजे वर्तुळावर दर दिवशी किती कोन कापला जातो तो वेग. कंसातली सगळी बेरीज म्हणजे त्या क्षणाची कला, ज्याला बरेच जण सरळ फेज म्हणतात. ही कला म्हणजे चंद्र वर्तुळावर नेमका कुठे आहे ते सांगणारा कोन. आणि φ हा कला स्थिरांक: आपण घड्याळ सुरू केलं, t शून्य होता, त्या क्षणीचा कोन.

आता एक चंद्र घेऊ. गॅनिमीड. त्याच्या कक्षेची त्रिज्या गुरूच्या त्रिज्येच्या सुमारे १५ पट आहे आणि फेरी ७.१५ दिवसांची, म्हणजे दिवसाला ५०.३ अंश. अंतर गुरूच्या त्रिज्येत मोजलं, पश्चिम बाजू धन मानली आणि वेळ दिवसांत घेतली, तर समीकरण होतं x = १५ cos(५०.३°t + φ). आयाम आणि वेग तर समोरच लिहिलेले आहेत. राहिला φ.

समजा, पहिल्या संध्याकाळी आठ वाजता गॅनिमीड पश्चिमेला ७.५ त्रिज्या अंतरावर दिसला. बरोबर निम्मा आयाम. म्हणजे cos φ = १/२. कॅल्क्युलेटर झटकन ६० अंश असं उत्तर देतो, आणि बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात. पण ज्याचा cos निम्मा येतो असा आणखी एक कोन आहे: उणे ६०, म्हणजेच ३०० अंश. वर्तुळ काढलं की दोन्ही दिसतात, रेषेच्या वर एक आणि खाली एक. आकाशात त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. गुरूचे हे चंद्र पृथ्वीकडच्या बाजूने जाताना पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात आणि मागच्या बाजूने पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यामुळे ६० अंश म्हणजे चंद्र मागच्या बाजूला आहे आणि गुरूकडे परत निघाला आहे. ३०० अंश म्हणजे तो आपल्याकडच्या बाजूला आहे आणि अजून बाहेर, पश्चिमेकडे चालला आहे. ठिपका त्याच जागी, प्रवास उलटा.

नुसत्या जागेवरून हा निकाल लागत नाही. वेगाची दिशा लागते. त्यासाठी रात्रभर जागायचीही गरज नाही. तीन तासांत गॅनिमीड ६.३ अंश पुढे जातो. खरा कोन ६० असेल, तर रात्री अकरा वाजता तो ६६.३ होईल आणि अंतर ६ त्रिज्यांवर उतरेल. खरा कोन उणे ६० असेल, तर तो उणे ५३.७ होईल आणि अंतर जवळपास ९ त्रिज्यांवर जाईल. सहा आणि नऊ यांतला फरक लहान दुर्बिणीतूनही लपत नाही. दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहिली तर फरक आणखी ढळढळीत: पहिल्या शक्यतेत चंद्र गुरूमागून निघून पूर्वेला ५.२ त्रिज्यांवर, दुसऱ्या शक्यतेत पश्चिमेच्या टोकाजवळ, १४.८ त्रिज्यांवर.

समीकरण वाचताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. x = −१५ cos(५०.३°t) असं दिसलं, की आयाम उणे १५ असं लिहिणारे बरेच भेटतात. आयाम हे अंतर आहे, ते उणे नसतं; ते उणे चिन्ह कलेचं आहे आणि त्याचा अर्थ φ = १८०°, म्हणजे सुरुवात पूर्वेच्या टोकापासून. दुसरा घोळ sin आणि cos यांचा. काही पुस्तकं sin वापरतात, काही cos. तोच चंद्र, तीच रात्र, पण sin घेतला तर φ ९० अंशांनी वाढतो. आपल्या उदाहरणातले ६० अंश १५० होतात. त्यामुळे φ एवढाच सांगून भागत नाही, तो कोणत्या सूत्रातला हेही सांगावं लागतं.

इथे एक प्रामाणिक शंका येते. φ जर आपण घड्याळ कधी सुरू केलं यावरच ठरत असेल, तर त्यात निसर्गाचं असं काय आहे? एकट्या चंद्रापुरतं बोलायचं, तर काहीच नाही. घड्याळ तीन तास उशिरा सुरू केलं की ६० चे ६६.३ होतात, चंद्राला त्याचा पत्ताही नसतो. खरी गंमत एकापेक्षा जास्त चंद्रांच्या कला एकत्र पाहिल्यावर येते. आयो दिवसाला २०३.४९ अंश फिरतो, युरोपा १०१.३७ आणि गॅनिमीड ५०.३२. आयोच्या कोनातून युरोपाच्या कोनाची तिप्पट वजा करा आणि गॅनिमीडच्या कोनाची दुप्पट मिळवा. प्रत्येक कोन रोज वाढत असतो, पण या बेरीज-वजाबाकीत वाढ एकमेकींना खाऊन टाकते आणि उत्तर कायम १८० अंशांच्या आसपास राहतं. घड्याळ केव्हाही सुरू करा, हे उत्तर बदलत नाही. फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात याचं कारण दाखवलं: चंद्रांची एकमेकांवरची ओढच त्यांना या नात्यात धरून ठेवते.

या १८० चा परिणाम कागदावर ताडून पाहता येतो. युरोपा आणि गॅनिमीड गुरूपासून एकाच दिशेला आले असं माना, दोघांचा कोन θ. मग आयोच्या कोनातून ३θ वजा करून २θ मिळवल्यावर १८० यायला हवेत. म्हणजे आयोचा कोन θ + १८०°, बरोबर विरुद्ध बाजूला. हे तिघे गुरूच्या एकाच बाजूला एका ओळीत कधीच येत नाहीत. तीन आवर्तकाल पाठ असूनही हे सांगता येत नाही. त्यासाठी कलाच लागते.

कला मोजता मोजता १६७६ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ओले रोमर याला तर भलतीच गोष्ट सापडली. आयोची ग्रहणं ठरल्या वेळेशी जुळत नव्हती. पृथ्वी गुरूपासून दूर जाऊ लागली की ती उशिरा व्हायची, जवळ येऊ लागली की उशीर भरून निघायचा. म्हणजे आयोच्या समीकरणातला जो φ स्थिर असायला हवा, तोच वर्षभरात सावकाश मागेपुढे होत होता. रोमरने दोष आयोवर टाकला नाही. प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून बातमी उशिरा पोहोचते, असं त्याने सांगितलं. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला त्याच्या हिशेबाने २२ मिनिटं लागत होती. आजचा आकडा सुमारे साडेसोळा मिनिटांचा आहे. तेवढ्या वेळात आयो २.३ अंश पुढे जातो. हा एवढासा कलेतला फरक प्रकाशाला वेग असतो याचा पुरावा ठरला.

आपलं साधं समीकरण इतक्या बारकाव्यात जात नाही, हेही सांगायला हवं. कक्षा पूर्ण वर्तुळ नाहीत, त्या अगदी कडेनेही दिसत नाहीत, आणि पृथ्वी व गुरू दोघेही सरकत असल्याने आपली पाहण्याची रेषा हळूहळू वळते. काही रात्रींच्या नोंदींना cos पुरतो. महिनोन् महिने पुढचं भाकीत करायचं तर φ पुन्हा मोजून घ्यावा लागतो.

गुरू रात्री आकाशात असेल अशा दिवसांत हे कोणालाही करून पाहता येतं. लहान दुर्बीण तिवईवर घट्ट बसवा, गुरूच्या बिंबाची अर्धी रुंदी हे माप धरा आणि ठिपक्यांची अंतरं वहीत टिपा. सुरुवात गॅनिमीडपासून करा. आयोच्या वाट्याला जाऊ नका: तो चोवीस तासांत अर्ध्या फेरीहून जास्त जातो, त्यामुळे रोज एकाच वेळी पाहिलं तर तो नेमका कुठल्या दिशेने गेला याचा उलटाच अर्थ लागू शकतो. आणि कोणताही चंद्र असो, एका रात्री दोन-तीन तासांच्या अंतराने निदान दोन नोंदी घ्या. एका नोंदीतून φ ची दोन उत्तरं निघतात, आणि खरं कोणतं ते दुसरी नोंद सांगते.